पोचलो

त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं छापलेलं असायचं. इस्पितळात सगळे त्यांना नन्नासाहेब म्हणत. पाठीमागे म्हणत असते तर एक वेळ समजलं असतं, पण नाही, तोंडावर म्हणायचे. सतत नन्नाचा पाढा लावणारा माणूस, म्हणून नन्नासाहेब. आणि गंमत बघा, त्यांना स्वतःलाच त्याची इतकी सवय झाली होती की फोन उचलला की तेच म्हणायचे, "बोला, नन्नासाहेब."

इस्पितळाचं नेटवर्क सांभाळायचं, हे त्यांचं काम. जागा तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. एका भिंतीला सर्व्हरची कपाटं घोंघावतायत, एसी असा की बारा महिने स्वेटर अंगावर, आणि खिडकीच्या नावानं शंख. दाराला काचेची एक उभी पट्टी होती. तिच्यातून त्यांना कॉरिडॉर दिसायचा आणि कॉरिडॉरमधून येणाऱ्याजाणाऱ्यांना ते दिसायचे. आत मात्र कुणी येत नसे.

पूर्वी यायचे हो. चहाच्या वेळी कुणी ना कुणी डोकवायचं, हिशोबखात्यातले दोघे तर रोज हाक मारायचे. मग नन्नासाहेबांनी तो नियम लावला आणि सगळं बिनसलं. आता नियम काय, ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बहुतेक ठिकाणी पहारा असतो तो बाहेरून आत येणाऱ्यावर. आतून बाहेर जाणाऱ्याला कुणी हटकत नाही. सर्व्हर आपलाच, मग तो जगात कुठंही फोन लावेना का! नन्नासाहेबांना हे पटेना. इस्पितळातल्या सर्व्हरला जगभर हिंडायचं कारणच काय? म्हणून त्यांनी फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहाऱ्यावर, बाहेर जायची वाटही बंद केली. ज्या सर्व्हरला बाहेर काही काम आहे त्याच्या मालकानं येऊन सांगायचं, कुठं जायचंय आणि कशासाठी. पटलं तर तेवढ्याच पत्त्यापुरतं दार उघडेल. बाकी जो कुणी बाहेर पडायला बघेल त्याला अडवायचं, आणि अडवलं याची नोंद ठेवायची.

आणि मग काय, जो तो नन्नासाहेबांच्या नावानं खडे फोडायला लागला. औषधभांडाराच्या सर्व्हरवर कुणी रेडिओ ऐकत बसायचं, त्याचा रेडिओ बंद. हिशोबाच्या प्रोग्रामला अपडेट मिळेना. कुणाच्या पडद्यावरचं हवामान गेलं. फोनवर फोन. रेडिओचं नाही म्हणाले, हवामानाचं नाही म्हणाले, अपडेटचं मात्र त्याच दिवशी करून दिलं; पण लक्षात राहिलं ते नाहीच. चहाच्या हाका हळूहळू थांबल्या. आता दिवसभरात त्यांच्याशी जे कुणी बोलायचं ते भांडायलाच.

घरी तर तेवढंही नव्हतं. लग्न केलं नाही, आई आणि ते असा दोघांचा संसार. आई गेल्या वर्षी गेली.

आईची एक शिस्त होती. घराबाहेर पडलेल्या माणसानं पोचल्यावर "पोचलो" म्हणून कळवायचं. मग तो परगावी गेलेला असो नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात. नोकरीला लागल्यापासून नन्नासाहेब रोज सकाळी खुर्चीवर टेकले की घरी फोन लावायचे. "पोचलो गं." पलीकडून आई म्हणायची, "बरं." संपलं. दोघांपैकी कुणी कधी तिसरा शब्द बोललं नाही. पण तेवढं झाल्याशिवाय आई स्वयंपाकाला लागत नसे आणि ह्यांना काम सुचत नसे.

आता ऐका, आणि हसू नका. आई गेली तरी त्यांनी घरचा फोन काढून टाकला नाही. बिल भरत राहिले. आणि सकाळी आल्यावर, पाणी प्यायच्याही आधी, घरचा नंबर लावत राहिले. बंद घरात घंटी वाजायची. ते ऐकत राहायचे, थोड्या वेळानं ठेवून द्यायचे. त्यांना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण बोट त्या नंबरावर जायचं थांबत नव्हतं.

त्या दिवशीही ते असेच फोन कानाला लावून बसले होते आणि काचेच्या पट्टीतून प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई येताना दिसल्या. रक्ता-लघवीच्या तपासण्यांचं सगळं खातं ह्या बाईंच्या हाताखाली. वयानं नन्नासाहेबांपेक्षा थोड्या मोठ्या, आवाज खणखणीत, आणि चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला होई. मागोमाग नवीन मशीन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर होता, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर झोप नसल्याची कळा. नन्नासाहेबांनी घाईनं फोन ठेवला.

"झालं का बोलून?" बाईंनी विचारलं. "मग आता आमच्याशी बोला. माझं नवीन मशीन येऊन पडलंय. ते सुरू का होत नाही, सांगा."

"होतंय ना सुरू."

"सुरू होतं हो, पण अर्धं काम करतं! मोजमाप बरोबर यायला लागतं ते कॅलिब्रेशन कंपनीकडून यावं लागतं. ते येत नाही, कारण तुमचं नाही. वॉर्डातून माणसं माझ्या डोक्यावर बसलीयत रिपोर्टसाठी, जुन्या मशीनवर किती रेटू मी?"

नन्नासाहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं. "मशीनला कुठं जायचंय, पत्ते द्या. मी आत्ता उघडून देतो. हे मी तुम्हाला आधीही कळवलं होतं."

"सर, क्लाउड आहे," इंजिनिअर म्हणाला. "पत्ते बदलत असतात. कुठंही जाऊ शकतं. इतर ठिकाणी आम्ही सगळं आउटगोइंग ओपन करून घेतो, कुणी काही म्हणत नाही."

"कुठंही म्हणजे काय? कुठंही नावाचं गाव नसतं."

"ऐकलंत?" बाई इंजिनिअरला म्हणाल्या. "हा असा खाक्या आहे." आणि नन्नासाहेबांच्या टेबलावर त्यांनी एक कागद ठेवला. इस्पितळाच्या अधीक्षकांची सही होती त्याच्यावर. नवीन मशीन ज्याला जोडलंय त्या प्रयोगशाळेच्या रिपोर्ट सर्व्हरवरची बाहेर जायची सर्व बंधनं आज संध्याकाळपर्यंत उठवावीत. न उठवल्यास नेटवर्कचं काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्यात येईल. थोडक्यात, दार उघडा नाहीतर घरी बसा.

घरी बसा!  दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, गेली उडत नोकरी. पण ह्या माणसानं घरी बसायचं म्हणजे कुठं बसायचं, कुणाजवळ? ही थंडगार खोली आणि भांडायला येणारी माणसं, एवढंच तर उरलं होतं.

"करतो," ते म्हणाले.

बाई दारात थबकल्या. त्या भांडायच्या तयारीनं आल्या होत्या, आणि समोरच्यानं एका शब्दात हात टेकले. "मग एवढे दिवस कशाला छळलंत?" असं पुटपुटत त्या गेल्या.

नन्नासाहेबांनी नियम लिहायला घेतला. प्रयोगशाळेचा रिपोर्ट सर्व्हर, त्यावरून कुठंही, कसंही, चालेल. लिहायला काही लागत नाही, कीबोर्डवर चारदोन शब्द. लिहून झाला, आता बटण दाबलं की लागू. पण बटणावर बोट ठेवायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं. म्हटलं, उघडायचंच आहे तर निदान बघू तरी, हा सर्व्हर आतापर्यंत कुठं कुठं जायला बघत होता. अडवलेल्यांच्या नोंदी त्यांनी उघडल्या आणि त्या एका सर्व्हरपुरत्या गाळून घेतल्या.

वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. मशीनचा प्रोग्राम आधी कंपनीच्या नावाचा पत्ता विचारायचा आणि मग तिकडे जायला बघायचा. फायरवॉलवर अडायचा, पुन्हा विचारायचा. पत्त्याचे आकडे बदलत होते हे खरं, पण नावं तीच ती होती, सगळी मिळून तीन. इंजिनिअरच्या त्या 'कुठंही'चा एवढाच विस्तार! नन्नासाहेब स्वतःशीच हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असतील.

मग त्यांना दुसरी ओळ दिसली.

ती मधेमधे होती. तोच सर्व्हर, पण कंपनीचं नाव नाही. कुणाचंच नाव नाही, नुसते आकडे. नाव न विचारता थेट एका आकड्यांच्या पत्त्यावर जायला बघणारं काहीतरी. अडवलं. थोड्या वेळानं पुन्हा, अडवलं. पुन्हा. अंतर जवळजवळ तेच, जरासं मागंपुढं, जसं काही मुद्दाम कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. ते मागं मागं जात राहिले. रात्री होती. सुट्टीच्या दिवशी होती, मशीन बंद असताना, प्रयोगशाळेला कुलूप असताना. मशीन बसवलं त्या आठवड्यात ती सुरू झाली होती, त्याच्या आधी कुठंच नव्हती.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असेल काहीतरी, सर्व्हर म्हटला की शंभर गोष्टी चालू असतात. नन्नासाहेबांनाही क्षणभर तसंच वाटलं. पण एक गोष्ट त्यांना खटकली, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणाला खटकलीच नसती. ह्या ओळीची तक्रार आली नव्हती.

तुम्हीच बघा. ह्या इस्पितळात नन्नासाहेबांनी काहीही अडवलं की तासाभरात फोन वाजायचा. रेडिओ अडवला, फोन. हवामान अडवलं, फोन. कुणाच्या तरी पडद्यावरच्या माशांचं चित्र हलेना, त्याचाही फोन! ज्याचं अडलं तो बोंबलत आलाच पाहिजे. आणि हे कुणीतरी दिवसरात्र दारावर थापा मारतंय, त्याला एकदाही उत्तर मिळालेलं नाही, आणि एका माणसानं साधी कुरकुर केली नाही. म्हणजे ह्या घरात त्याचं कुणीच नव्हतं. ते घरातलं नव्हतंच.

त्यांनी लिहिलेला नियम पुसून टाकला, अधीक्षकांचा कागद खिशात कोंबला, स्वेटर तसाच अंगावर ठेवून जिना चढून प्रयोगशाळेत गेले, आणि कुणाला काही न विचारता रिपोर्ट सर्व्हरसमोर बसले. बाहेर हात लांब करून कोण बसलंय हे सर्व्हर स्वतःच सांगतो, विचारायचं कसं ते माहीत हवं. त्याच आकड्यांच्या पत्त्यापाशी, उत्तराची वाट बघत एक प्रोग्राम अडकून बसलेला होता. नाव छपाईच्या प्रोग्रामसारखं, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. ह्या सर्व्हरला तर छपाईचं यंत्र जोडलेलंच नव्हतं.

नन्नासाहेब खाली वाकले आणि त्यांनी सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटली.

प्रयोगशाळेतले सगळे पडदे एकदम "संपर्क नाही" म्हणायला लागले, आणि पुढच्याच क्षणी दाराशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"अहो, काय केलंत हे! वेड लागलंय का तुम्हाला?"

"सर्व्हर बंद करू नका," नन्नासाहेब म्हणाले. "वायर लावू नका, पण बंदही करू नका. बंद केला तर त्याच्या मेमरीत जे आहे ते पुसलं जाईल, मला ते हवंय. मशीनच्या पडद्यावर आकडे दिसतायत ना? आजच्या दिवस रिपोर्ट हातानं लिहा."

"हातानं लिहा? वर अतिदक्षतेत माणसं आहेत माझी! दार उघडायचा हुकूम होता, तुम्ही घरच बंद केलंत. थांबा, अधीक्षकांनाच बोलावते."

अधीक्षक आले. गृहस्थ वाईट नव्हते, पण दिवसभर त्यांच्या कानाशी कुणी ना कुणी ओरडत असायचं, त्यामुळे जो शेवटी ओरडेल त्याचं खरं, असा त्यांचा कारभार झाला होता. बाई सगळ्यात शेवटी ओरडल्या होत्या. इंजिनिअर भिंतीला चिकटून उभा होता.

"कागद मिळाला ना तुम्हाला?" अधीक्षक म्हणाले. "मग? हा हट्टीपणा मला खपायचा नाही. उद्यापासून तुमची जागा..."

"साहेब, सर्व्हरमध्ये चोर आहे," नन्नासाहेब म्हणाले.

त्यांचा आवाज एवढा साधा होता की अधीक्षकांचं वाक्य तसंच राहिलं. 

"कसला चोर? काही गेलंय का?"

"नाही गेलेलं. तेच सांगतोय." त्यांना अशा वेळी बोलायची सवय नव्हती. "हे असले प्रोग्राम कसे असतात सांगतो. आत शिरतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा पुढचं काही माहीत नसतं. घर कुणाचं, घ्यायचं काय, मोडायचं काय, काही नाही. म्हणून शिरल्या शिरल्या ते आपल्या मालकाला आतून फोन लावतात." ते थांबले. मग म्हणाले, "आपण नाही का परगावी गेलो की घरी कळवत? पोचलो म्हणून? तसं. पोचलो, आता काय करू? मग तिकडून हुकूम येतो. हे पळव, ते उचल, सगळ्या फायलींना कुलूप घाल. तो पोचलोचा फोन लागला की आपलं संपलं. बाहेरून आत यायला त्याला दार लागतच नाही, आतून त्यानंच हाक मारलेली असते."

"आणि ह्यानं मारली?" बाईंनी विचारलं.

"मारतोय. मशीन बसवल्यापासून, दिवसरात्र. फायरवॉलवर अडतोय, कारण ज्या पत्त्यावर त्याला जायचंय तो मी कुणालाच उघडलेला नाही."

"म्हणजे आज मी ते सगळं उघडायला लावलं असतं तर..."

"पुढच्या हाकेला लागला असता."

प्रयोगशाळेत कुठंतरी रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबलं, आणि ते थांबल्यावर किती शांत असतं हे सगळ्यांना कळलं. वॉर्डावॉर्डातले रिपोर्ट, कुणाचा रक्तगट काय, कुणाला कसली लागण, सगळं त्या एका डब्यात होतं. बाई जवळच्या स्टुलावर बसल्या.

"मग तो अडलाय तर वायर कशाला काढली?" अधीक्षकांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, हे मान्य केलं पाहिजे.

"बाहेर अडलाय, आत नाही. शेजारच्या सर्व्हरवर उडी मारायला त्याला मालक लागेलच असं नाही. बाकीच्यांच्या नोंदी मी बघतो, आत्तापर्यंत तरी दुसरं कुणी त्या पत्त्यावर गेलेलं दिसत नाही. पण हा सर्व्हर पुसून, मशीन बसायच्या आधीच्या बॅकअपवरून पुन्हा उभा करावा लागेल."

"पण हा आला कुठून?"

 मग भिंतीपासून इंजिनिअर म्हणाला, "माझ्याकडून असेल." चेहरा पांढराफटक. त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. "सगळीकडे ह्याच्यावरूनच इन्स्टॉल करतो. आधीच्या ठिकाणचं काही... मला खरंच माहीत नव्हतं हो."

"कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हटलेलंच नाही," नन्नासाहेब म्हणाले. त्यांनी तो पेन ड्राइव्ह रुमालात उचलून घेतला, रुमालाची काही गरज नव्हती तरी. "तुमच्या आधीच्या ठिकाणांना फोन करा. तिथं सगळं ओपन करून घेतलंयत ना, त्यांना आधी."

इंजिनिअर फोन घेऊन बाहेर पळाला.

अधीक्षक सर्व्हरकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आपलं नुकसान काय झालं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं. मग फार गाजावाजा करू नका," अधीक्षक म्हणाले. जाता जाता आपला सहीचा कागद त्यांनी नन्नासाहेबांकडून मागून घेतला आणि घडी करून खिशात टाकला. शाबासकी म्हणायची तर तीच. आणि त्यांना तरी दोष कसा द्यावा? घडलेलं दाखवता येतं. न घडलेलं कुणाला दाखवायचं?

सर्व्हरच्या मेमरीत होतं ते आधी उतरवून घेतलं, मग दुपार पुसण्यात आणि पुन्हा उभारण्यात गेली. नवीन उभ्या केलेल्या सर्व्हरसाठी नन्नासाहेबांनी ती तीन नावं कंपनीकडून पडताळून घेतली आणि तेवढीच उघडली. मशीननं हाक मारली, कॅलिब्रेशन आलं, पडद्यावर हिरवा दिवा लागला. मधल्या वेळात वॉर्डातून फोन येतच होते. रिपोर्टला उशीर का, नेट का गेलं, पुन्हा त्या नन्नासाहेबांनी काहीतरी अडवलं का? "हो, अडवलं," असं ते प्रत्येकाला सांगत होते. खोटं तर नव्हतं.

काम आटोपून ते जिन्याखालच्या खोलीत येऊन बसले. आवराआवर करायची होती, पण हात चालेना. समोरच्या पडद्यावर सकाळच्या नोंदी तशाच उघड्या होत्या. ती ओळ, पुन्हा ती ओळ, पुन्हा. हाक मारली, उत्तर नाही. थोडं थांबून पुन्हा मारली, उत्तर नाही. कुणी उचलणार नाही हे त्या प्रोग्रामला कळायचा काही मार्गच नव्हता. पण आपल्याला तर होता, असं त्यांच्या मनात आलं, आणि इतकं एकटं त्यांना आई गेली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्यांनी पडदा बंद केला.

दार वाजलं. वाजलं म्हणजे पायानं ढकललं गेलं, कारण डॉक्टरीणबाईंच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते.

"काय थंडी आहे हो इथं! शवागार बरं," बाई म्हणाल्या. "घ्या. माफी वगैरे मागायला आलेले नाही, आधीच सांगते. मला ते जमत नाही."

"बसा ना." बसायला दुसरी खुर्ची नव्हती हे त्यांच्या लक्षात आलं. ते उठले, बाईंनी त्यांना हातानंच खाली बसवलं आणि स्वतः केबलच्या खोक्यावर टेकल्या. दोघांनी चहा प्यायला. बाई इकडेतिकडे बघत होत्या, कपाटं, काचेची पट्टी, टेबलावरचा फोन.

"एक विचारू? रागावू नका," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी ह्या काचेवरून जाते. तुम्ही रोज फोन कानाला लावून बसलेले असता आणि बोलत काहीच नसता. मला आधी वाटायचं, काय माणूस आहे, समोरच्याला बोलू देतो आणि शेवटी नाही म्हणून ठेवून देतो." त्या हसल्या, मग हसायचं थांबल्या. "आज ते पोचलोचं सांगताना तुमचा आवाज कसा झाला होता. कुणाला लावता फोन?"

नन्नासाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगायला कुणी विचारावं तर लागतं ना. "घरी," ते म्हणाले.

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. आई असायची."

 आता बोलायला सुरुवात झालीच होती, तर नन्नासाहेबांना थांबता येईना. फोन काळा आहे, खिडकीशी आहे, हे सांगितलं. आईला कुणी गोड गोड बोलून बँकेचे आकडे विचारायचं, उलटा फोन करायला लावायचं, म्हणून त्यांनीच त्या फोनला कुलूप घातलं होतं. बाहेर एकच नंबर लागायचा, त्यांचा. "आई म्हणाली, घरात पण तुझा नन्नाचा पाढा? मग एकदा म्हणाली, अरे, माझ्या त्या मैत्रिणीला तरी लागू दे. मी म्हटलं, बघू." ते थांबले. "इथं सगळ्यांना सांगतो, कुठं जायचंय ते सांगा, तेवढं दार उघडतो. तिनं सांगितलं होतं. माझं बघायचं राहिलं."

"आणि ते कुलूप?"

"अजून तसंच आहे. कुणाला लावायचाय फोन?"

 बाई उठल्या, दोन्ही कप एकात एक घातले आणि एकदम त्यांच्या नेहमीच्या, हुकूम सोडायच्या आवाजात म्हणाल्या, "घरी पोचलात की कळवा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? एवढी दमणूक झालीय, रस्ता काय सरळ आहे का? पोचल्यावर कळवायचं."

"बरं," नन्नासाहेब म्हणाले.

"बरं म्हणाल आणि कळवणार नाही. तुम्ही कसले! मोबाइल उचलत नाही, मेसेजला उत्तर देत नाही. घरचा नंबर द्या. मीच करीन." त्यांनी खिशातून पेन काढून तळहात पुढं केला. नन्नासाहेबांनी नंबर सांगितला. आईनं पाठ करून घेतला होता तसा, दोन दोन आकड्यांत.

बाहेर अजून उजेड होता. बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. घरचा जिना, दारापाशी शेजाऱ्यांची सायकल, दाराचं कुलूप नेहमीसारखंच एका फेऱ्यात न उघडणारं. आत अंधार आणि बंद घराचा वास. त्यांनी चपला काढल्या, दिवा लावायला हात वर केला, आणि खिडकीशी फोन वाजला.

ते जागच्या जागी थांबले. रोज सकाळी ही घंटी त्यांनी तिकडून, कानातून ऐकली होती. ह्या घरात उभं राहून, आई गेल्यापासून, एकदाही ऐकली नव्हती. केवढ्यानं वाजत होती! रोज सकाळी ती अशी वाजत होती, आईच्या ह्या खुर्चीभोवती, ह्या भिंतींमध्ये, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

चार पावलं चालायला त्यांना वेळ लागला. थांबतेय की काय अशी भीती वाटली तेव्हा ते धावले. आईच्या खुर्चीवर बसले आणि रिसीव्हर उचलला.

"पोचलात का?" बाईंचा खणखणीत आवाज.

नन्नासाहेबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पलीकडे बाई थांबून राहिल्या, त्यांनी घाई केली नाही.

"पोचलो," ते म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या.